रात्री दोनपर्यंत डाळखिचडी संपणार नाही

पुण्यातल्या बहुतेक मेस रात्री नऊ-साडेनऊला आवरतात. वसतिगृहातली मुलंमुली आठ-साडेआठला जेवून खोलीवर येतात, अकरापर्यंत गप्पा होतात आणि मग खरा अभ्यास सुरू होतो. सबमिशन असेल, दुसऱ्या दिवशी व्हायव्हा असेल, तर दिवे तीनपर्यंत जळतात. रात्री एकच्या सुमारास पोटात पुन्हा कावळे ओरडू लागतात. आठची भूक जेवणाची असते आणि तिची वेळ ठरलेली असते. एकची भूक अचानक येते. तिला थाळी नको असते, पोटाला आधार देणारं काहीतरी गरम हवं असतं.

त्या वेळी हातात फोन असतो आणि फोनवर शेकडो नावं असतात. त्यातली बरीच क्लाऊड किचनची. क्लाऊड किचन म्हणजे बसून खायची सोय नसलेलं, फक्त पार्सल देणारं स्वयंपाकघर. इथे टेबलं नसतात, गल्ल्यावर मालक नसतो, रस्त्यावर वास येत नाही. एकाच ओट्यावरून चार-पाच नावांनी वेगवेगळे पदार्थ विकले जातात. पुण्यातच रोल विकत वाढलेल्या फासोजची कंपनी पुढे रिबेल फूड्स झाली आणि फासोज, बेहरूझ बिर्याणी, ओव्हन स्टोरी ही सगळी नावं तिच्याच स्वयंपाकघरांतून निघू लागली. ग्राहकाला ओटा दिसत नाही, त्याच्या वाट्याला येतं ते नाव आणि नावाखालची एक ओळ. हॉटेलला दिवे, गर्दी, तव्याचा आवाज यांची साथ असते. ते सगळं काम क्लाऊड किचनमध्ये या दोन गोष्टींना करावं लागतं.

म्हणून एक स्वयंपाकघर डोळ्यांसमोर धरू आणि त्याचं नाव व ओळ पहिल्यापासून ठरवत जाऊ. जागा कर्वेनगरची, कारण तिथे मुलामुलींची वसतिगृहं आणि कॉट बेसिसवर दिलेल्या खोल्या दाटीने आहेत. बहीण-भाऊ मिळून चालवतात. तळमजल्यावरची दहा बाय बाराची खोली, दोन शेगड्या, एक मदतनीस. वेळ रात्री दहा ते दोन. पदार्थ चारच: डाळखिचडी, अंडाभुर्जी-पाव, मसाला मॅगी आणि दहीभात. डाळखिचडी ९० रुपयांना. हे चित्र कल्पनेतलं आहे, पण यातली एकही अडचण कल्पनेतली नाही.

लोक बहुधा आधी नाव ठरवतात आणि मग त्याखाली शोभेल अशी ओळ शोधतात. मला उलटा क्रम योग्य वाटतो. आधी ओळ, कारण ती ठरवताना आपण नेमकं काय देणार आहोत याचा निकाल लागतो. तो लागला की नावाचं अर्धं काम झालेलं असतं.

बहीण-भावांच्या कागदावर पहिली ओळ जी येईल ती बहुतेक अशी असेल: ‘तुमच्या मध्यरात्रीच्या भुकेचा सोबती’. वाचायला गोड आहे. पण हीच ओळ वेफर्सच्या पाकिटावर, चहाच्या टपरीवर, बिस्किटाच्या पुड्यावर तशीच्या तशी चालेल. ती पाळली की मोडली हे कुणालाच सांगता येणार नाही. ज्या वचनाचा भंग होऊ शकत नाही ते वचनच नव्हे. भुकेल्या मुलाला सोबती नको असतो, त्याला आत्ता काय मिळतंय हे कळायला हवं असतं.

दुसरी ओळ ठरलेली: ‘आईच्या हातची चव’ किंवा ‘घरच्यासारखं जेवण’. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांना घराची आठवण करून द्यावी, हा विचार मनापासूनचा असतो. तरी इथे दोन खड्डे आहेत. पहिला कायद्याचा. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दल एफएसएसएआयचे २०१८ सालचे नियम आहेत. ‘होम मेड’, ‘होम कुक्ड’ यांसारखे, ग्राहकाची चुकीची समजूत होईल असे शब्द वापरू नयेत, असं त्यांत म्हटलं आहे. ‘फ्रेश’, ‘प्युअर’, ‘ट्रॅडिशनल’ या शब्दांनाही अटी आहेत. व्यावसायिक शेगडीवर तीन किलोंच्या मापाने शिजलेल्या खिचडीला घरची म्हणणं या नियमांच्या तोंडावर जाणं आहे.

दुसरा खड्डा मला अधिक मोठा वाटतो. कर्वेनगरच्या एका मजल्यावर नांदेडचा मुलगा असतो, जळगावचा असतो, सावंतवाडीची मुलगी असते, शेजारच्या खोलीत पाटण्याची असते. प्रत्येकाच्या घरची खिचडी निराळी. कुणाकडे तुरीची डाळ आणि वरून लसणाची कडक फोडणी, कुणाकडे मुगाची डाळ आणि फक्त जिरं-तूप. ‘घरच्यासारखं’ म्हटलं की खाणारा पहिल्या घासाला आपल्या घराशी तुलना करतो आणि त्या तुलनेत कुठलंही स्वयंपाकघर हरतं. खिचडी चांगली असूनही ‘घरच्यासारखी नाही’ हे वाक्य पदरात पडतं. तुलनेला आमंत्रण आपणच दिलेलं असतं.

तिसरी ओळ वेगाची: ‘३० मिनिटांत गरमागरम’. इथे एका कंपनीचा जुना अनुभव डोळ्यांपुढे ठेवायला हवा. डोमिनोजने अमेरिकेत तीस मिनिटांची हमी दिली होती आणि त्या एका ओळीवर तिचं नाव घरोघरी गेलं. पण पोरं गाड्या दामटतात आणि अपघात होतात, अशी टीका वाढत गेली, खटले झाले आणि १९९३ मध्ये कंपनीने तिथली ती हमी मागे घेतली. वचन कंपनीचं होतं, पण ते पाळायचा भार रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यावर पडत होता.

आपल्या बहीण-भावांच्या बाबतीत हा भार आणखी परका आहे, कारण गाडीवाला त्यांचा नाहीच. तो ॲपचा. एक वाजून दहा मिनिटांनी आलेल्या ऑर्डरचा हिशेब मांडून पाहू. फोडणी आणि गरम करणं चार मिनिटं, डब्यात भरून झाकण चिकटवायला दोन. हे त्यांच्या हातातलं. पुढे गाडीवाला मिळायला पाच मिनिटंही लागतात आणि पंचवीसही, कारण एकनंतर रस्त्यावर गाड्या कमी असतात, पावसात तर फारच कमी. मग दोन किलोमीटरचा रस्ता. मग वसतिगृहाचं बंद फाटक, वॉचमनची नोंदवही, आणि तिसऱ्या मजल्यावरून चपला घालून खाली येणारा मुलगा. तीस मिनिटांतली फक्त सहा मिनिटं स्वयंपाकघराच्या ताब्यात आहेत. उरलेल्या चोवीस मिनिटांबद्दल वचन देणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातले पैसे वाटणं.

मग स्वयंपाकघराच्या ताब्यात आहे तरी काय? ओळ शोधायची तर या प्रश्नापाशी बराच वेळ थांबायला हवं. शेगडी कधीपर्यंत पेटती ठेवायची ते त्यांच्या हातात आहे. किती शिजवायचं, डब्यात किती भरायचं, डबा देताना अन्न किती गरम असेल, चमचा घालायचा की नाही, किंमत काय, हे सगळं त्यांच्या हातात आहे. आता यातल्या कुठल्या गोष्टीची मुलांना रात्री एक वाजता सर्वांत जास्त धास्ती असते, ते पाहायचं.

हे कळायला मोठी पाहणी लागत नाही. एखाद्या खोलीत रात्री एकला बसून मुलं फोनवर काय करतात ते बघितलं की पुरतं. चौघं एका फोनवर वाकलेले असतात. एक नाव उघडतात, ते ‘सध्या बंद’ असतं. दुसरं उघडतात, ते चालू असतं पण स्वस्तातला पदार्थ ‘संपला’ असतो आणि उरलेली असते ती तीनशे रुपयांची बिर्याणी. तिसऱ्या ठिकाणी ऑर्डर जाते, पैसे कापले जातात आणि दहा मिनिटांनी रेस्टॉरंटने ऑर्डर रद्द केल्याचा संदेश येतो. पैसे परत येतील, पण तोवर खात्यातले शेवटचे दीडशे रुपये अडकलेले असतात. शेवटी कुणीतरी कपाटातून मॅगीचं पाकीट काढतं आणि इलेक्ट्रिक किटलीत पाणी ठेवतं. उशीर झाला तर मुलं कुरकुरतात, पण वाट पाहतात, कारण जागीच असतात. त्यांना खरोखर रडकुंडीला आणतं ते ‘संपलं’ हे उत्तर.

म्हणजे वचन वेगाचं नको, चवीचंही नको. ते न संपण्याचं हवं. इथून चौथी ओळ निघते: ‘रात्री दोनपर्यंत खिचडी मिळेल’.

ओळ दिशेला लागली आहे, पण अजून कच्ची आहे. ‘मिळेल’ हा पाटीवरचा शब्द. ‘येथे उसाचा रस मिळेल’, ‘झेरॉक्स काढून मिळेल’. इतक्या पाट्यांवर वाचलेला आहे की डोळा त्यावर थांबत नाही आणि त्यात शब्द दिल्याची भावना उरलेली नाही. मिळेल म्हणजे असली तर मिळेल. ‘खिचडी संपत नाही’ असं लिहिलं तर आपली फुशारकी होते, रोजची सवय सांगितल्यासारखी. ‘संपणार नाही’ म्हटलं की वाक्य आजच्या रात्रीपुरतं बांधलं जातं आणि बोलणारा त्यात अडकतो. मुलाच्या मनात जो शब्द आधीच खुपत असतो, ‘संपलं’, तोच शब्द घेऊन त्याला नकार दिलेला आहे. म्हणून तो नकार कानाला बरा वाटतो.

आता ‘खिचडी’. मराठी घरात नुसतं खिचडी म्हटलं की निम्म्या लोकांपुढे साबुदाणा येतो, त्यातही उपासाच्या दिवशी हमखास. तेव्हा ‘डाळखिचडी’ असं पूर्ण लिहायला हवं. आणि ‘रात्री दोनपर्यंत’ म्हणजे काय? दोनपर्यंत ऑर्डर द्यायची की दोनपर्यंत हातात पडणार? एक पंचावन्नला ऑर्डर करणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे. यावर ओळ लांबवायची गरज नाही, पण स्वयंपाकघराने उत्तर ठरवून ठेवायला हवं: एक एकोणसाठला आलेली ऑर्डरही घ्यायची. म्हणजे मदतनीस सव्वादोनला मोकळा होणार, आणि त्याच्या पगारात ती पंधरा मिनिटं धरायला हवीत.

तर ओळ ठरली: ‘रात्री दोनपर्यंत डाळखिचडी संपणार नाही.’ पाच शब्द. हिंदीत सांगायची झाली तर ‘रात दो बजे तक दाल खिचड़ी ख़त्म नहीं होगी’. अर्थ आणि शब्दांचा क्रम दोन्ही जागच्या जागी राहतात, तेव्हा पाटण्याच्या मुलीलाही तेच वचन मिळतं.

ही ओळ लिहायला फुकट आहे, पाळायला नाही. तिची किंमत आधीच काढून ठेवली नाही तर तिसऱ्या आठवड्यात ती मोडते. एका वाटणीला साधारण ६० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम मुगाची डाळ धरली तर शिजून एका माणसाला पोटभर होते. तीस वाटण्यांना तीन किलो कोरडा जिन्नस. सगळी खिचडी दहालाच शिजवून दोनपर्यंत ठेवावी, असा सोपा विचार मनात येतो. पण शिजलेला भात कोमट राहिला तर त्यात वाढणारे जंतू पोट बिघडवतात, आणि ते पुन्हा तापवल्यानेही त्यांचं विष जात नाही. खिचडी ठेवायचीच तर ती साठ अंशांच्या चांगली वर, वाफाळती राहायला हवी. त्यासाठी चांगला हॉटपॉट आणि एक अन्नाचा थर्मामीटर लागतो. त्यापेक्षा कुकर दोनदा लावणं शहाणपणाचं: एकदा दहाला वीस वाटण्यांचा, दुसऱ्यांदा बाराच्या सुमारास दहा वाटण्यांचा.

आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवायचा. सव्वाच्या आत भांड्यात सहापेक्षा कमी वाटण्या उरल्या की तिसरा छोटा कुकर लावायचा, विचारत बसायचं नाही. त्यासाठी सहा वाटण्यांचा तांदूळ-डाळ आधीच मोजून पिशवीत बांधून ठेवलेली असते. वाटणीमागे जिन्नस, तूप आणि गॅस मिळून वीस रुपये धरले तर सहाच्या सहा उरल्या तरी रात्रीचं नुकसान १२० रुपयांचं, महिन्याचं ३,६०० रुपयांच्या आत. त्यातल्या एक-दोन स्वतःच्या आणि मदतनिसाच्या जेवणात जातात. ही त्या ओळीची मासिक किंमत. सत्र परीक्षेच्या पंधरवड्यात मागणी चढते, तेव्हा सहाचा आकडा बारावर न्यावा लागतो. बहीण-भावांना हा खर्च झेपत नसेल तर ओळ बदलून ‘एकपर्यंत’ करावी. लिहिलेली वेळ आणि झेपणारी वेळ एकच हवी.

ही ओळ सर्वांत जास्त वेळा मोडते ती झोपेमुळे. एक वीसला ऑर्डरी थांबतात, मदतनिसाचे डोळे मिटायला लागतात, आणि कुणीतरी ॲपवरचं बटण दाबून दुकान बंद करून टाकतं. कुणी तक्रार करत नाही, कारण ज्याला हवं होतं त्याला फक्त ‘सध्या बंद’ एवढंच दिसलं आणि तो पुढे गेला. म्हणून मोडलेलं वचन तक्रारींच्या यादीत शोधून सापडणार नाही. वही ठेवावी लागते: रोज दुकान ॲपवर किती वाजता बंद केलं आणि खिचडीपुढे ‘संपलं’ किती वाजता लावलं, हे दोनच रकाने. महिन्यातून तीन रात्री दोनच्या आतली वेळ दिसली तर वचन तीनदा मोडलं असं समजायचं, मग त्या रात्री एकही गिऱ्हाईक आलेलं नसो.

आता नाव. ओळीने काम सोपं केलं आहे. रात्र, दोन वाजता, खिचडी हे सगळं ओळीत आलं, त्यामुळे नावाने तेच पुन्हा सांगायची गरज नाही. अमेरिकेत २००३ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने रात्री उशिरा गरम कुकीज पोचवायचा धंदा सुरू केला आणि त्याचं नाव इन्सोम्निया कुकीज ठेवलं, म्हणजे निद्रानाश. तिथे वेळ नावातच आली आणि ते नाव टिकलं. आपल्याकडे ‘मिडनाईट’ हा शब्द घेऊन इतकी नावं झाली आहेत की यादीत ती एकमेकांत मिसळून जातात. शिवाय ‘मिडनाईट खिचडी’सारखं नाव फक्त मालाचं वर्णन करतं. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात वर्णन करणाऱ्या नावांची नोंदणी नाकारायचं कारण कलम ९ मध्येच दिलेलं आहे. उद्या पलीकडच्या गल्लीत कुणी तेच नाव लावलं तर अडवता येणार नाही.

नावाची पहिली परीक्षा कानाची. पुण्याच्या वसतिगृहात मराठी आणि हिंदी एकाच दाराआड नांदतात, तेव्हा नाव दोन्ही भाषांच्या कानांवरून न्यायला हवं. ‘दोन घास’ हे नाव मला स्वतःला फार आवडलं होतं. दोन घास खाऊन घे, हे आपल्या भाषेतलं किती मायेचं बोलणं आहे, आणि त्यात घरचं असल्याचा दावाही नाही. पण हिंदी बोलणाऱ्या मुलाला घास म्हणजे गवत. तो नाव वाचून थबकेल, आणि भुकेल्या माणसाला थबकायला लावणं परवडत नाही. ‘चूल’ही असंच. मराठीत ऊबदार, पण ‘चुल्ल’ हा हिंदीतला खाजेचा, उचापतीचा शब्द गाण्यांमुळे सगळ्यांच्या तोंडी आहे. ‘जेवलास का’ हे प्रत्येक घरून फोनवर येणारं वाक्य, पण मुलीला ते ‘जेवलीस का’ व्हायला हवं. अर्ध्या वसतिगृहांना बाहेर ठेवणारं नाव घेता येत नाही.

दुसरी परीक्षा बोटांची. मराठी नाव असलं तरी मुलं ते रोमन लिपीत टाइप करून शोधतात. पाच जणांना फोन करायचा, नाव एकदाच उच्चारायचं आणि शोधाच्या चौकटीत टाइप करून चित्र पाठवायला सांगायचं. ‘रात्रपाळी’ हे नाव अर्थाने किती चपखल, पण टाइप करताना कुणी Ratrapali लिहील, कुणी Raatrapaali, कुणी Ratrpali. त्यातला ‘ळ’ हिंदीभाषकाच्या जिभेवर बसत नाही. ‘भूक’ घेतलं तर Bhuk, Bhook, Bhookh. पाचांपैकी चौघांनी एकच स्पेलिंग लिहिलं तर नाव चालण्यासारखं.

या दोन्ही चाळण्यांतून खाली जे उरलं त्यात मला ‘दुसरा डबा’ हे नाव सर्वांत बरं वाटतं. ते का, हे नीट सांगतो. वसतिगृहातल्या मुलाचा पहिला डबा ठरलेला असतो: मेसचा, रात्री आठचा, महिन्याचे पैसे भरलेला. एक वाजताची भूक म्हणजे त्या दिवसाचा दुसरा डबा. नावात रात्र हा शब्द नाही, तरी वेळ कळते. खिचडी हा शब्द नाही, तरी साधं, पोटभरीचं जेवण असेल असं वाटतं, कारण डब्यात कुणी पिझ्झा भरत नाही. उद्या भुर्जीच्या जोडीला पिठलं-भात आला तरी नाव अडत नाही. हिंदीत ‘दूसरा डब्बा’, जवळजवळ तोच उच्चार आणि तोच अर्थ. Dusra Daba की Dusra Dabba एवढाच घोळ, आणि दोन्ही टाकून पाहिल्यावर दुकान सापडतं का हे पहिल्याच दिवशी तपासता येतं.

दोषही आहे. बिघडलेल्या फोनला, पडलेल्या सिनेमाला मुलं ‘डब्बा’ म्हणतात. एखाद्या रात्री खिचडी पाणचट झाली तर शेरा कसा येईल ते उघड आहे. तरी जेवणाच्या यादीत, खिचडीच्या फोटोशेजारी वाचलं की जेवणाचा डबाच आठवतो. मी हा दोष पत्करीन.

तिसरी परीक्षा फाटकावरची. रात्री पावणेदोनला गाडीवाला वसतिगृहाच्या दारात उभा आहे, फोन लागत नाही, आणि तो वर खिडक्यांकडे बघून विचारतो, ‘दुसरा डबा कुणाचा?’ हे वाक्य मराठीत आपोआप बसतं. वॉचमन वहीत सहज लिहितो. ‘मिडनाईट मंचीज कुणाचं’ हे त्या वॉचमनला ऐकूही येत नाही आणि लिहिताही येत नाही. ज्या नावाने हाक मारता येते ते नाव तोंडोतोंडी पसरतं: ‘अरे, दुसरा डबा मागव ना.’

नाव पक्कं करण्याआधी एका संध्याकाळचं काम उरतं. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर नावं मोफत शोधता येतात. हॉटेल आणि खानपान सेवेचा वर्ग ४३ आहे. तिथे नुसतं तेच नाव नव्हे, तर कानाला सारखी वाटणारी नावंही पाहायची. शोधाच्या पानावर उच्चारावरून शोधायची सोय त्यासाठीच दिली आहे. मग दोन्ही मोठ्या ॲपवर पुणे शहरात ते नाव टाकून पाहायचं. कुणाचं आधीच असेल तर हळहळ न करता सोडून द्यायचं. मोकळं असेल तर एकट्या व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला एका वर्गात ऑनलाइन अर्जाचं शुल्क ४,५०० रुपये आहे, आणि नोंदणी दहा वर्षांसाठी असते.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे नावाआड दडायचं नाही. २०२० मध्ये अमेरिकेत पास्क्वाली’ज पिझ्झा अँड विंग्ज या नावाने पिझ्झा घरपोच येऊ लागला. लोकांना ते परिसरातलं एखादं नवं छोटं दुकान वाटलं. नंतर कळलं, तो चक ई. चीज या मुलांच्या पार्ट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या साखळीच्या स्वयंपाकघरातला होता आणि पास्क्वाली हे तिथल्याच एका बाहुल्याचं नाव. पिझ्झा कसा का असेना, लोकांना फसवल्यासारखं वाटलं. वसतिगृहात अशी बातमी एका रात्रीत चार मजले चढते. म्हणून बहीण-भाऊ दुपारी दुसऱ्या नावाने डबे देत असतील तर ते ॲपवरच्या माहितीत स्वतःच लिहावं. एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक तर दाखवावाच लागतो, आणि तो दोन नावांखाली एकच दिसला की मुलांना कळायचं ते कळतंच.

शेवटी हे सगळं डब्याच्या झाकणावर येतं. साधारण दोन इंचांचा गोल स्टिकर, छापायला स्वस्त, एकाच रंगात. वर मोठ्या अक्षरांत ‘दुसरा डबा’, खाली ओळ. ओळ झाकण आणि डबा यांच्या सांध्यावर येईल असा स्टिकर लावायचा, म्हणजे तो फाडल्याशिवाय डबा उघडत नाही आणि वाटेत कुणी उघडला नाही हे मुलाला दिसतं. वचनाच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ आणखी: ‘दोनच्या आत संपली असं दिसलं तर फोटो पाठवा, पुढची खिचडी आमच्याकडून.’ फोटो म्हणजे ‘संपलं’ दाखवणाऱ्या पडद्याचं चित्र. ते पाठवणारा मुलगा हाच या स्वयंपाकघराचा सर्वांत उपयोगी गिऱ्हाईक, कारण वहीत जी रात्र चुकून लिहायची राहिली ती त्याच्या चित्रावर वेळेसकट असते.

एक अठ्ठेचाळीसला ऑर्डर येते. दोन डाळखिचडी, तिसरा मजला, ‘फाटकावर फोन करा’. भांड्यात पाच वाटण्या आहेत. बहीण तूप तापत ठेवते, जिरं टाकते, आणि भाऊ वहीत आजच्या रकान्यात अजून काहीच लिहीत नाही.